आधी आवाज, मग चेहरा

भाद्रपदातला तिसरा-चौथा दिवस धरा. गुहागर तालुक्यातल्या एका वाडीत एम. कॉम. झालेली मुलगी गणपतीला घरी आली आहे. पुण्यातल्या एका कंपनीत लेखा विभागात जागा आहे. पहिली चाळणी झाली आहे आणि उद्या सकाळी ११ वाजता व्हिडिओ मुलाखत ठरली आहे. घरात फायबर नाही, इंटरनेट मोबाइलचेच आणि तेच हॉटस्पॉट करून लॅपटॉपला जोडायचे. तिने वेग मोजायचे अ‍ॅप उघडले. खाली उतरणारा वेग २२ एमबीपीएस आला. व्हिडिओ कॉलला एवढा वेग कितीतरी पुरतो, म्हणून ती निर्धास्त झाली.

हा निर्धास्तपणा चुकीच्या आकड्यावर उभा आहे. मुलाखतीत तिचा चेहरा आणि आवाज तिच्याकडून पुण्याला जायचा आहे. त्यासाठी लागतो तो वर चढणारा, म्हणजे अपलोडचा वेग. अ‍ॅपमध्ये तोही दाखवतात, पण मोठ्या आकड्याच्या शेजारी बारीक अक्षरांत. तो होता ०.८ एमबीपीएस. झूमच्या स्वतःच्या माहितीपत्रकाप्रमाणे समोरासमोरच्या कॉलमध्ये चांगल्या चित्राला साधारण ०.६ एमबीपीएस आणि एचडी चित्राला १.२ एमबीपीएस लागतात, तेही दोन्ही दिशांना. नुसत्या आवाजाचे काम ०.१ एमबीपीएसच्या आत भागते. म्हणजे ही मुलगी काठावर आहे. सगळे सुरळीत असेल तर चित्र जाईल, जरा गर्दी झाली की अडकेल.

दोन वेगांमधली ही तफावत गावाकडे जास्त का असते, याचे कारण साधे आहे. मोबाइलचा टॉवर प्रत्येक वाहिनीवर वीस-चाळीस वॅट ताकदीने बोलू शकतो. हातातला फोन जास्तीत जास्त ०.२ वॅटने उत्तर देतो. टॉवर डोंगरापलीकडे असला, तर त्याचे म्हणणे फोनपर्यंत पोचते, पण फोनचे म्हणणे टॉवरपर्यंत पोचताना दम लागतो. शिवाय माणसे पाहतात जास्त आणि पाठवतात कमी, हे गृहीत धरून कंपन्याही बहुतेक जागा खाली येणाऱ्या वाहतुकीलाच देतात. त्यात गणपतीत मुंबईकर चाकरमानी गावी आलेले. एरवी ज्या टॉवरवर शे-दोनशे फोन असतात, त्यावर एकदम कितीतरी जास्त फोन येतात आणि आरतीचे व्हिडिओ सगळे वरच पाठवत असतात.

या प्रकरणात पुढे जे येणार आहे, ते सगळे यातून निघणाऱ्या एका गोष्टीवर अवलंबून आहे. अपलोड अडकला की दोष उमेदवाराला दिसत नाही. तिला पडद्यावर मुलाखत घेणारे साहेब स्वच्छ दिसतात आणि नीट ऐकू येतात. ती उत्तर देत राहते. तिकडे मात्र तिचा चेहरा अर्ध्या मिटलेल्या डोळ्यांनी गोठलेला असतो आणि वाक्यातला प्रत्येक चौथा शब्द गळालेला असतो. ‘आवाज येतोय ना?’ हा प्रश्नसुद्धा तुटकच पोचतो. म्हणून मुलाखतीच्या आधी पाठवायचा मजकूर हा माफीनामा नसून करार असायला हवा. बिघाड कोण ओळखणार, कोण थांबवणार, मग कोण कुणाला कोणत्या क्रमांकावर फोन करणार, हे त्यात ठरले पाहिजे. ‘सर, इथे नेटवर्क जरा वीक आहे’ एवढेच लिहिणारे पुष्कळ असतात. त्या ओळीने समोरच्याच्या मनात शंका तेवढी निर्माण होते, करायला काहीच मिळत नाही.

आधी सांगणे फायद्याचे का, याला नुसत्या शिष्टाचारापलीकडचा आधार आहे. माणसे बोलताना एकाचे थांबणे आणि दुसऱ्याचे सुरू होणे यांत फार थोडा वेळ जाऊ देतात. २००९ साली दहा भाषांतल्या संभाषणांचा एकत्र अभ्यास झाला, त्यात हे अंतर सरासरी सेकंदाच्या पाचव्या भागाएवढे आढळले. व्हिडिओ कॉलमध्ये लाइनमुळे एक सेकंद उशीर झाला, की तो उशीर लाइनचा वाटत नाही, माणसाचा वाटतो. कॅट्रिन शोएनेनबर्ग आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात नेमके हे तपासले होते. लाइनमध्ये मुद्दाम उशीर घातल्यावर बोलणाऱ्यांना समोरचा माणूस कमी लक्ष देणारा वाटू लागला. मुलाखतीत याचा अर्थ काय होतो ते सांगायला नको. ‘उत्तर द्यायला अडखळते’ असा शेरा टॉवरच्या वाट्याला जात नाही, उमेदवाराच्या नावापुढे पडतो. उशीर कशामुळे होतो हे ऐकणाऱ्याला आधीच ठाऊक असेल, तर निदान दुसरे स्पष्टीकरण त्याच्या हाताशी असते. पूर्वसूचनेने हा परिणाम पुसला जातो असे मात्र मी म्हणणार नाही. मनावरचे ठसे इतके आज्ञाधारक नसतात. म्हणूनच सूचनेच्या जोडीला पर्यायही द्यायचा.

आता तपासणी. वेग मोजायचे अ‍ॅप बहुधा जवळच्याच सर्व्हरशी काही सेकंद अनेक जोडण्या एकदम उघडून जोर लावते. चाळीस मिनिटे सलग बोलता येईल का, या प्रश्नाचे उत्तर त्यातून मिळत नाही. त्यापेक्षा मुलाखतीच्याच वेळी, त्याच जागी, त्याच लॅपटॉपवरून मैत्रिणीला दहा मिनिटे व्हिडिओ कॉल लावावा आणि तो चालू असतानाच विंडोजच्या काळ्या खिडकीत ही आज्ञा द्यावी:

```
ping -n 300 8.8.8.8
```

दर सेकंदाला एक छोटा निरोप दूरच्या सर्व्हरला जातो आणि त्याची पोच परत येते. पाच मिनिटांनी तळाशी हिशेब येतो. आपल्या मुलीच्या बाबतीत तो असा आला असे समजू:

```
Sent = 300, Received = 291, Lost = 9 (3% loss)
Minimum = 41ms, Maximum = 1370ms, Average = 212ms
```

तीनशेतले नऊ निरोप हरवले. आवाज सांभाळून घेणारी युक्ती आजकालच्या सॉफ्टवेअरमध्ये असते, तेव्हा तीन टक्के गळतीत बोलणे कळते, पण खरखर जाणवते. काळजीचा आकडा `Maximum` पुढचा आहे. एरवी ४१ मिलिसेकंदांत येणारी पोच मध्येच १३७० मिलिसेकंद, म्हणजे जवळजवळ दीड सेकंद, लटकली. कॅमेऱ्याचे चित्र अपलोडच्या अरुंद दारात रांग लावते आणि आवाज बिचारा त्याच रांगेत मागे उभा राहतो. टेलिफोनीचे आंतरराष्ट्रीय मानक एका दिशेचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत ठेवावा असे सांगते. पिंगचा आकडा जाण्या-येण्याचा मिळून असतो, म्हणून त्याची तुलना तीनशेशी करायची. सरासरी २१२ आहे, म्हणजे बहुतेक वेळ ठीक, मधूनमधून कोंडी. हीच चाचणी कॅमेरा बंद करून पुन्हा घेतली आणि कोंडी नाहीशी झाली, तर दोष सिग्नलचा नसून रुंदीचा आहे हे कळले. कॅमेरा बंद करूनही गळती तशीच राहिली, तर सिग्नलच कच्चा. मग जागा बदलून पाहायची. माडीवर, खळ्यात, टॉवरच्या दिशेच्या खिडकीत. पत्र्याच्या आणि जाड चिऱ्याच्या घरात दहा पावलांनी फरक पडतो.

इंटरनेट अडखळते तिथे फोनवरचे बोलणे का चालते, हे नीट समजून घेतले तर पर्याय सुचवताना चुका होत नाहीत. फोरजीवरचा साधा कॉल हाही शेवटी डेटाच असतो. पण नेटवर्क त्याला वेगळी, हमीची वाट देते. आरतीचे व्हिडिओ, क्रिकेट आणि झूम हे सगळे एका सामाईक रांगेत असतात. कंपनीचा स्वतःचा व्होल्टी कॉल मात्र त्या रांगेत उभाच राहत नाही, टॉवर त्याच्यासाठी आधी जागा काढून ठेवतो. त्याला जागा लागते तीही अगदी थोडी, काही दशक किलोबिट. त्यामुळे गर्दीने इंटरनेट लटकले असेल, तर फोन हा खरा पर्याय आहे. सिग्नलच पोचत नसेल, तर तो अर्धाच पर्याय. जिओकडे टूजी नाही, म्हणून फोरजी सुटले की कॉलही सुटतो. बाकीच्यांचा कॉल जुन्या जाळ्यावर उतरून तग धरू शकतो. अशा वाडीत दुसऱ्या कंपनीचे सिम हाताशी असणे बरे. मात्र दोन्ही कंपन्यांची यंत्रे पुष्कळदा एकाच मनोऱ्यावर टांगलेली असतात. पावसात वीज गेली आणि मनोऱ्याची बॅटरी उतरली, की दोघीही बरोबरच जातात.

हे तत्त्व लक्षात घेतले की तीन सापळे आपोआप दिसतात. एक, व्हॉट्सअ‍ॅप कॉल हा फोनचा पर्याय नव्हे, तो त्याच सामाईक रांगेतला आहे. पुण्याच्या कार्यालयातून ‘मग व्हॉट्सअ‍ॅपवर करते’ असे सहज म्हटले जाते, म्हणून मजकुरात साधा फोन असे स्पष्ट लिहावे. दुसरा सापळा घरी वायफाय असणाऱ्यांसाठी आहे. फोनमध्ये वायफाय कॉलिंग चालू असेल, तर साधा फोनही त्याच आजारी वायफायवरून जातो. मुलाखतीपुरते ते बंद ठेवावे. तिसरा सापळा दोन सिमच्या फोनचा. डेटा एका सिमवर आणि कॉल दुसऱ्या सिमवर आला, तर बऱ्याच फोनमध्ये कॉल संपेपर्यंत डेटा थांबतो. मग हॉटस्पॉटवरचा लॅपटॉप मुलाखतीतून बाहेर पडतो. चित्र लॅपटॉपवर आणि आवाज फोनवर असा बेत असेल, तर दोन्ही एकाच व्होल्टी सिमवर हवे, नाहीतर घरातल्या दुसऱ्या कुणाचा फोन मागून घ्यावा.

मजकूर कधी पाठवायचा? आदल्या दिवशी दुपारपर्यंत, निमंत्रणाच्या मेललाच उत्तर म्हणून. भरती पाहणाऱ्या बाई स्वतः मुलाखत घेणार नसतात. घेणारे दुसरे असतात, कदाचित दुसऱ्या शहरात, आणि त्यांच्याकडे उमेदवाराचा क्रमांक नसतो. तो कॅलेंडरच्या निमंत्रणात घालायला, पॅनेलला सांगायला त्या बाईंना कार्यालयीन वेळ लागतो. पावणेअकराला पाठवलेला हाच मजकूर त्यांच्या हाती पोचेपर्यंत मुलाखत सुरू झालेली असते, आणि तेव्हा तो सबबीसारखा वाचला जातो. चार दिवस आधी पाठवणेही फारसे कामाचे नाही, कारण तेव्हा तपासणीच झालेली नसते.

आधीचा व्यवहार ज्या भाषेत चालला असेल त्याच भाषेत लिहावे. इथे मराठीत देतो:

‘नमस्कार मॅडम,

उद्या गुरुवारी सकाळी ११ वाजता व्हिडिओ मुलाखतीला मी वेळेवर हजर असेन. सध्या मी गावी आहे आणि इथले इंटरनेट मोबाइलवरचे आहे. आज याच वेळी कॉल करून पाहिला. समोरचे मला नीट दिसते-ऐकू येते, पण माझे चित्र आणि आवाज अधूनमधून अडकतो.

मुलाखत ठरल्याप्रमाणे व्हिडिओवरच सुरू करू. माझा आवाज तुटल्याचे मला कळणार नाही, तेव्हा सरांनी कृपया लगेच थांबवावे. मी आधी कॅमेरा बंद करीन. तरीही सुधारले नाही, किंवा मी बाहेर पडून दोन मिनिटांत परत आले नाही, तर सरांनी मला खालच्या क्रमांकावर साधा फोन करावा (व्हॉट्सअ‍ॅप कॉल इथे चालत नाही). मी माझ्याकडून फोन करणार नाही, लाइन मोकळी ठेवीन.

एक्सेलचे काम द्यायचे असल्यास फाइल मेलवर पाठवली तर फोन चालू असतानाच करून परत पाठवू शकेन. व्हिडिओ पूर्ण वेळ आवश्यक असेल, तर शनिवारी किंवा सोमवारी चिपळूणहून चांगल्या जोडणीवर बसता येईल. कृपया कळवावे.’

खाली नाव आणि क्रमांक. यात दोन-तीन गोष्टी मुद्दाम केल्या आहेत. ‘मी फोन करणार नाही’ हे वाक्य उद्धट वाटेल, पण ते नसले तर लाइन तुटल्याबरोबर दोघेही एकमेकांना फोन लावतात आणि दोघांनाही व्यस्त असल्याचा निरोप ऐकू येतो. फोन मुलाखत घेणाऱ्यानेच करणे सोयीचे, कारण उमेदवाराचा क्रमांक निमंत्रणात देता येतो, साहेबांचा खाजगी क्रमांक मागणे बरे दिसत नाही. दोन मिनिटांची मुदत आहे, ती पुन्हा जोडायला पुरते आणि समोरचा कंटाळत नाही. पायऱ्याही क्रमाने आहेत: आधी कॅमेरा बंद, मग फोन. रुंदीचा दोष असेल तर पहिल्याच पायरीवर काम भागते. हॉटस्पॉट कमकुवत आहे, मी गरीब घरातून आहे, आमच्याकडे नेहमीच असे होते, यातले काहीही लिहिलेले नाही. लिहूही नये. वाचणाऱ्याला त्यातले काहीच उपयोगी नाही.

काही निमंत्रणांच्या तळाशी फोनने जोडण्यासाठी क्रमांक आणि पिन दिलेला असतो. तो असेल तर फारच चांगले. त्या क्रमांकावर साधा फोन लावला की उमेदवाराचा आवाज थेट बैठकीतच जातो. पॅनेलवर तिघे असले, तरी कुणाला जागा सोडावी लागत नाही. असा क्रमांक आहे का, हे निमंत्रण शेवटपर्यंत वाचल्याशिवाय कळत नाही, आणि ते शेवटपर्यंत कुणी वाचत नाही. तो असल्यास मजकुरातली फोनची दिशा उलटी होते: ‘मी स्वतः त्या क्रमांकावरून पुन्हा येईन, दोन मिनिटे वाट पाहावी.’ आवाज फोनवर आणि चित्र लॅपटॉपवर असे दोन्ही चालू ठेवायचे असेल, तर लॅपटॉपचा माइक आणि स्पीकर दोन्ही बंद करायचे, नाहीतर स्वतःचाच आवाज घुमत परत येतो.

आता पलीकडची बाजू. भरती करणाऱ्यांना फोनवरच्या मुलाखतीची एक रास्त भीती असते: बोलणारी व्यक्ती उमेदवारच आहे कशावरून? दुसऱ्याच कुणाला बसवून मुलाखत देण्याचे प्रकार, विशेषतः सॉफ्टवेअरच्या भरतीत, त्यांनी पाहिलेले असतात. ‘माझे इंटरनेट चालत नाही, सरळ फोनवरच घ्या’ ही विनंती त्यांच्या कानाला त्याच सुरात ऐकू येते. वरच्या मजकुरात व्हिडिओवरच सुरू करू असे म्हटले आहे, ते यासाठी. पहिली पाच मिनिटे चेहरा दिसला, ओळखपत्र दाखवून झाले, मग आवाज फोनवर गेला, तर शंकेला जागा कमी उरते. आणि शनिवार-सोमवारचा पर्याय दिला, की उमेदवार व्हिडिओ टाळत नाही हे न सांगता कळते. माझ्या मते या मजकुरातली सर्वांत किमती ओळ तीच आहे.

ठरलेल्या दिवशी काय होते ते पाहू. बाईंचे उत्तर आदल्या संध्याकाळी आले आहे: ठीक आहे, क्रमांक पॅनेलला दिला आहे. मुलगी साडेदहाला माडीवर बसली. हॉटस्पॉटवर फक्त लॅपटॉप. धाकट्या भावाचा फोन जोडलेला होता, तो काढला. लॅपटॉपवरचे आपोआप होणारे अपडेट आणि फोटोंची साठवण थांबवली, कारण तेही अपलोडच खातात. दिवसभराचा डेटा संपत आलेला नाही ना, हे पाहिले. दीड जीबीच्या रोजच्या मर्यादेनंतर वेग ६४ केबीपीएसवर येतो, तिथे चित्र सोडाच, आवाजही कष्टाने जातो. फोनमध्ये अनोळखी क्रमांक गप्प करण्याची सोय चालू होती, ती बंद केली. कार्यालयातून येणारा कॉल अनेकदा संगणकावरून लागतो आणि पडद्यावर ओळखीचा नसलेला क्रमांक, कधी स्पॅमचा इशाराही दिसतो. मुलाखतीच्या वेळात जो येईल तो उचलायचा.

अकराला सुरुवात चांगली झाली. सव्वाअकराला जीएसटीच्या प्रश्नावर साहेबांनी हात वर केला: तुमचे गोठले आहे. तिने कॅमेरा बंद केला. दोन मिनिटे बरे चालले, मग पुन्हा तुटले. आता साहेबांना विचार करावा लागला नाही, क्रमांक निमंत्रणातच होता. फोन आला. तिने पहिले वाक्य म्हटले: ‘सर, शेवटचे तुम्ही इनपुट क्रेडिटबद्दल विचारले होते, तिथून सांगते.’ कॉल तुटल्यानंतरची मिनिटे जातात ती ‘हॅलो, येतोय का आवाज’ यात. कुठे थांबलो होतो हे लक्षात ठेवणे तिच्याच हातात असते, म्हणून तिने प्रश्नातला एक शब्द वहीत टिपून ठेवला होता. एक्सेलची फाइल मेलवर आली. ती जेमतेम काही केबीची होती, अशा रांगेतूनही सहज आली आणि गेली.

फोनवरच्या आवाजाचीही प्रत असते, हे इथे विसरू नये. अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२५ मध्ये एकच मजकूर स्वच्छ आवाजात आणि पत्र्याच्या डब्यातून यावा तशा आवाजात ऐकवला. शब्द दोन्हीत तेच, कळतही होते, तरी डब्यातल्या आवाजाचा उमेदवार नोकरीला कमी लायक ठरवला गेला. जुन्या पद्धतीचा कॉल आवाजाचा ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा नेतो. दोन्हीकडे व्होल्टी असेल आणि मध्ये काही आडवे आले नाही, तर पट्टा जवळजवळ दुप्पट मिळतो. पलीकडचे आपल्या हातात नसते. आपल्या बाजूने स्पीकरवर न बोलता फोन कानाला लावून किंवा तारेच्या इअरफोनने बोलणे एवढे जमते. कागद बघत फोन टेबलावर ठेवून बोलले, की माडीच्या भिंतीही त्या आवाजात मिसळतात.

हे सगळे जिथे पलीकडे माणूस आहे तिथले. हल्ली पहिल्या फेरीला काही कंपन्या रेकॉर्ड करून पाठवायची मुलाखत ठेवतात. पडद्यावर प्रश्न येतो, तीस सेकंद विचाराला, दोन मिनिटे उत्तराला, आणि उत्तर आपोआप वर चढते. तिथे थांबवणारे कुणी नाही आणि फोनही कुणी करणार नाही. अशा वेळी भरती विभागाला एकच विचारायचे: चढवताना जोडणी तुटली, तर तो प्रश्न पुन्हा देता येतो का, आणि मुदत केव्हा संपते. मुदत बहुधा काही दिवसांची असते. तेवढ्यात चिपळूणला जाऊन येता येते.